चौसष्ट आकड्यांची सरासरी

भोसरीतल्या आमच्या कंपनीत सात माणसं होती आणि मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे यंत्रातल्या छोट्या चिपचा, प्रोग्राम लिहिणारी त्यात मी एकटी. त्यामुळे काही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि सगळं नीट चाललं की माझ्याकडे कोणी बघायचं नाही. त्या वर्षी आम्ही डंपरसाठी एक पेटी बनवत होतो. डंपर वाकड्या जमिनीवर उभा असेल आणि ड्रायव्हरने भरलेला हौदा वर उचलला, तर माल एका बाजूला झुकतो आणि गाडी आडवी होते. चाकणच्या रस्त्यांवर रोज येणाऱ्या-जाणाऱ्याने असा डंपर पडलेला कधी ना कधी पाहिलेला असतो. आमची पेटी हौद्याखाली बसायची. हौदा बाजूला पाच अंश कलला की केबिनमध्ये भोंगा वाजायचा आणि हौदा उचलणारा पंप आपोआप बंद पडायचा. पंप थांबला तरी वर गेलेला हौदा खाली घ्यायला ड्रायव्हरला हातातला लिव्हर सोडावा लागायचा. केबिनमध्ये एक छोटा डिस्प्लेही होता. त्यावर कलण्याचा कोन दिसायचा.

पेटीतल्या सेन्सरमध्ये दोन भाग होते. एक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते, म्हणून वस्तू किती कललेली आहे ते त्यावरून काढता येतं. जायरोला ती किती वेगाने कलते आहे ते कळतं. मी फक्त पहिला भाग वापरला. डंपर तर उभाच असणार, मग जायरो कशाला, असा माझा हिशेब होता.

टेबलावर सगळं छान चाललं. पेटी सपाट ठेवली की शून्य, खाली पाच अंशांची पाचर घातली की पाच. आकडा जागचा हलत नव्हता. मग मी पेटी घेऊन कुरुळीला गेले. तिथे एका चाचांची शेड होती. डंपरचे हौदे बनवायचे, ते उचलणारे जॅक बसवायचे, वेल्डिंग करायचं, हे त्यांचं पिढीजात काम. त्यांनी पट्टी वेल्ड करून पेटी बसवून दिली आणि इंजिन सुरू केलं.

"मॅडम," चाचा खाली वाकून डिस्प्लेकडे बघत म्हणाले, "गाडी तर सरळ उभी हाय. ह्यो आकडा कुठं पळतोय?"

आकडा उणे तीनपासून अधिक सहापर्यंत कुठेही जात होता. इंजिनची सगळी थरथर पट्टीतून पेटीत येत होती, आणि बिचाऱ्या एक्सेलरोमीटरला थरथर आणि गुरुत्वाकर्षण यातला फरक कळत नाही. मध्येच भोंगा वाजत होता. शेडमधली माणसं वळून बघत होती.

आमच्या मालकांना आम्ही सर म्हणायचो. सरांना मी फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला नाचणारा आकडा दाखवायचा नाही. आकडा नाचला की पेटी बोगस वाटते. स्थिर करा."

स्थिर करायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे चालती सरासरी. येणारा प्रत्येक नवा आकडा रांगेच्या शेवटी उभा करायचा, सगळ्यात जुना रांगेबाहेर काढायचा आणि रांगेत उरलेल्या सगळ्यांची सरासरी दाखवायची. सेन्सर मी सेकंदाला वीस वेळा वाचत होते. आधी आठ आकड्यांची रांग केली. नाच कमी झाला, पण थांबला नाही. सोळा केली. आता आकडा बराचसा शांत झाला, पण चाचांनी हौदा उचलला आणि नवीनच भानगड निघाली. डंपरचा जॅक दुर्बिणीसारखा एकातून एक निघतो. एक टप्पा संपून दुसरा सुरू होताना हौद्याला दचका बसतो. त्या दचक्याचा एकच आकडा तीस-बत्तीस अंशांचा यायचा. सोळांच्या रांगेत तो शिरला की सरासरी दोन अंशांनी वर चढायची, आणि तो रांगेतून बाहेर पडेपर्यंत वरच राहायची. सरासरी असला वेडा आकडा फेकून देत नाही. सगळ्यांना थोडा थोडा वाटून देते. गाडी आधीच तीन अंश कललेली असली तर भोंगा उगाच वाजायचा.

मला तेव्हा थांबून विचार करायला हवा होता. मी रांग बत्तीसची केली, मग चौसष्टची. चौसष्टमध्ये तो दचका अर्ध्या अंशात मुरून जायचा. आकडा दगडासारखा स्थिर झाला. चाचांनी मान डोलवली. सर स्वतः येऊन बघून गेले आणि खूश झाले.

चौसष्ट आकडे म्हणजे तीन सेकंदांहून थोडा जास्त काळ. दाखवलेला आकडा खऱ्यापेक्षा साधारण दीड सेकंद मागे राहणार, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. पण चाचणी अशी ठरली होती की उभ्या गाडीच्या एका बाजूला हायड्रॉलिक जॅक लावायचा आणि ती हळूहळू उचलायची. तेवढ्या संथ कलण्यात दीड सेकंदाने काहीच बिघडत नव्हतं. बरोबर पाचवर भोंगा वाजला, कागदावर सह्या झाल्या आणि एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाड्यांवर पेट्या बसल्या.

काही आठवड्यांनी त्यातला एक डंपर पडला.

चाकणच्या पलीकडे एका प्लॉटवर भराव चालू होता. मुरूम ओतताना गाडीच्या उजव्या मागच्या चाकांखालची जमीन खचली आणि गाडी हौद्यासकट आडवी झाली. ड्रायव्हर बचावला. त्याचा खांदा मोडला होता. ट्रान्सपोर्टच्या मॅनेजरने सरांना फोन केला की तुमच्या पेटीत रेकॉर्ड असतं ना, ते काढून द्या.

रेकॉर्ड होतं. शेवटच्या दहा सेकंदांचे आकडे पेटी साठवून ठेवायची आणि गाडी आडवी झाली की तिथेच थांबायची. मी ते वाचलं, त्याचा आलेख काढला. सुंदर गुळगुळीत रेघ होती. बराच वेळ दोन अंश, मग हळूच वर वळण, पाचवर भोंग्याची खूण, त्यानंतर सरळ वर. मी ई-मेलमध्ये लिहिलं, "पाच अंशांवर इशारा दिला गेला होता." पेटीचं म्हणणं तसंच होतं, म्हणून मी तसंच लिहिलं.

मॅनेजरने त्या वाक्याचा अर्थ त्याच्या सोयीने लावला. पाचला भोंगा वाजला, पाचला गाडी पडत नाही, म्हणजे भोंगा वाजूनही ड्रायव्हरने लिव्हर सोडला नाही. ड्रायव्हरची चूक. त्याला गाडीवरून काढलं.

ही गोष्ट मला चाचांकडून कळली. पडलेला डंपर दुरुस्तीला त्यांच्याच शेडमध्ये आला होता आणि मी दुसरी पेटी बसवायला गेले होते.

"तो पोरगा इथंच मागं खोलीत ऱ्हातो," चाचा म्हणाले. "लातूरकडचा हाय. म्हणतो, भोंगा नंतर वाजला."

"सगळे ड्रायव्हर असंच म्हणतात चाचा," मी म्हणाले. मला राग आला होता. पेटीवर शंका घेतली की मला तो राग यायचाच.

चाचांनी कोणाला तरी हाक मारली आणि थोड्या वेळाने ड्रायव्हर स्वतःच आला. चाचा त्याला पोरगा म्हणत होते, पण तो चाळिशीचा असेल. उजवा हात गळ्यात बांधलेला होता. तो लांबच उभा राहिला.

"तुमीच केली का मॅडम ती पेटी?"

"हो."

"मग एक सांगा. त्यो भोंगा कवा वाजतो?"

"गाडी पाच अंश कलली की."

"पाच म्हंजे किती?"

मी शेडमधली एक फळी उचलून तिरकी करून दाखवली. त्याने नीट पाहिलं आणि मान हलवली.

"न्हाई. एवढ्याला न्हाई वाजला. आधी सीटखालून गाडी गेली. मला सीटला कळलं. म्या लिव्हर सोडला. मग वाजला. तवर माझ्या खिडकीतून नुसती जमीन दिसत होती."

"तुमचं लक्ष डिस्प्लेकडे होतं का?"

"माझं ध्यान आरशात होतं मॅडम. मागं बघू का आकडा वाचत बसू?"

त्याच्या बोलण्यात भांडण नव्हतं. तो मला फक्त कशानंतर काय झालं ते सांगत होता. आधी सीट, मग लिव्हर, मग भोंगा. मी "बघते" म्हणाले आणि निघाले. कुरुळीहून रावेतला घरी जाईपर्यंत ट्रॅफिकमध्ये गाडी दहा ठिकाणी थांबली, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या डोक्यात तेच तीन शब्द त्याच क्रमाने येत राहिले. देहूरोडच्या अलीकडे मी स्वतःशी मोठ्याने म्हणाले, दीड सेकंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते रेकॉर्ड पुन्हा उघडलं. अडचण अशी होती की त्यात खरे आकडे नव्हतेच, नुसती सरासरी होती. पेटीने तिन्ही सेकंदांचं एकत्र कालवून ठेवलं होतं. पण प्रोग्राम लिहिताना मी एक आळस केला होता. चौसष्टने भागाकार न करता रेकॉर्डमध्ये सरळ बेरीजच साठवली होती. चालत्या बेरजेचा एक गुण असतो. आताच्या बेरजेतून आधीची बेरीज वजा केली, की नवा आत आलेला आकडा आणि बाहेर गेलेला जुना आकडा यातला फरक उरतो. आणि बाहेर जाणारे आकडे कोणते होते, ते मला माहीत होतं. जमीन खचायच्या आधी गाडी बराच वेळ दोन अंशांवर उभी होती, म्हणजे रांगेतून बाहेर पडणारे सगळे आकडे दोनच्या आसपासचे. फरकात दोन मिळवले की आत आलेला खरा आकडा हाती लागतो.

एकेक करून मी ते सोडवले. निघालेली रेघ इंजिनच्या थरथरीने केसाळ झाली होती, वर-खाली उसळत होती. तिच्यावर मी मध्यक लावला. लागोपाठचे पाच आकडे घ्यायचे, लहान ते मोठे असे लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा. एखादा वेडा आकडा आला तर तो रांगेच्या टोकाला जाऊन पडतो, मधल्याला त्याचा स्पर्श होत नाही. केस गेले आणि रेघेचा कल दिसायला लागला.

पेटी जिथे पाच म्हणत होती, तिथे गाडी खरी अकरा अंशांच्या जवळ होती. सेकंदाला चार अंश या वेगाने जमीन खाली गेली होती. खऱ्या पाचवर भोंगा वाजायला हवा होता तो क्षण जवळपास दीड सेकंद आधी येऊन गेला होता. ड्रायव्हर खरं बोलत होता. भोंगा वाजायच्या आधीच त्याने लिव्हर सोडला होता, यावर आता माझा विश्वास बसला.

त्या दीड सेकंदात गाडी वाचली असती का? मला माहीत नाही. आजही माहीत नाही. पण "इशारा दिला गेला होता" हे वाक्य मी लिहिलं होतं.

मी दोन्ही रेघा एकाच कागदावर छापल्या आणि सरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते स्वतः इंजिनियर होते.

"चाचणीत पास झालं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"चाचणी हळू होती सर. जमीन हळू खचत नाही."

"आकडा स्थिर हवा हे कोणी मागितलं? त्यांनीच. आपण मागितलं ते दिलं." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "पुढच्या व्हर्जनमध्ये सुधारा. हे बाहेर कशाला?"

"त्या माणसाला गाडीवरून काढलंय सर. माझ्या ई-मेलवरून."

"त्यांच्या ड्रायव्हरचं ते बघतील. आपण पेटी विकतो."

मला नीट भांडता येत नाही, मी नुसती आतून तापते. जागेवर येऊन बसले आणि तासभर स्क्रीनकडे बघत राहिले. सगळ्यात जास्त चीड याची येत होती की सर जे बोलत होते ते मी स्वतःशी आधीच बोलले होते. मागितलं ते दिलं. चाचणी पास झाली. दीड सेकंद तर दीड सेकंद.

त्याच आठवड्यात मॅनेजर दुरुस्त झालेला डंपर बघायला चाचांच्या शेडमध्ये येणार होता आणि सर त्याला भेटायला येणार होते. मला पेटी पुन्हा बसवायची होती. मी काही ठरवून केलं नाही, निदान मला तसं वाटतं. पेटी बसवायच्या आधी ती फळीवर ठेवून तपासायची माझी पद्धत होतीच. मी फळीवर पेटी ठेवली, भोंगा जोडला आणि चाचांना म्हणाले, "हळूहळू उचला."

चाचांनी फळीचं एक टोक हळूहळू उचललं. पाचवर भोंगा वाजला. मॅनेजर समाधानाने सरांकडे बघून हसला.

"आता सेकंदभरात उचला. जमीन गेल्यासारखी."

चाचांनी फळी झटक्यात वर घेतली आणि तशीच धरली. शेडमध्ये काहीच आवाज झाला नाही. मॅनेजरने पेटीकडे पाहिलं, मग फळीकडे. फळी चांगली दहा-बारा अंश तिरकी होती. मग भोंगा वाजला.

"परत करा," मॅनेजर म्हणाला.

चाचांनी परत केलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मॅनेजरने स्वतः फळी उचलली. सरांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी पिशवीतून दोन रेघांचा कागद काढून मॅनेजरला दिला आणि त्याला सांगितलं की खालची रेघ पेटीने दाखवलेली आहे, वरची खरी आहे आणि माझा ई-मेल चुकीचा होता.

"म्हणजे ड्रायव्हरने सोडला होता लिव्हर?"

"ते पेटी सांगू शकत नाही. पण भोंगा उशिरा वाजला हे पेटीच सांगते आहे."

"बघतो," मॅनेजर म्हणाला आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

परतीच्या वाटेवर मोशीजवळ सर गाडीत म्हणाले, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं सर."

पण दुसऱ्या दिवशी सरांनी गाड्यांवरच्या सगळ्या पेट्या परत मागवल्या. त्यांच्याबद्दल हेही लिहायला हवं.

मग खरा त्रास सुरू झाला. मला वाटलं होतं, चूक कळली म्हणजे काम आठवड्याचं. त्याला दोन महिने लागले.

मी जायरो वापरायला घेतला. कल्पना सोपी आहे. जायरो कललेलं लगेच सांगतो आणि इंजिनच्या थरथरीने फारसा बिचकत नाही, पण त्याची छोटी चूक साठत साठत तो भलतीकडे वाहवत जातो. एक्सेलरोमीटर क्षणोक्षणी थरथरतो, पण लांबच्या पल्ल्यात खरं सांगतो. दोघांना एकत्र बांधायचं. सेकंदाला शंभर वेळा मागच्या कोनात जायरोने सांगितलेली वाढ मिळवायची, त्या बेरजेला साडेनव्व्याण्णव टक्के वजन द्यायचं आणि उरलेला अर्धा टक्का एक्सेलरोमीटरला. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं. याला पूरक फिल्टर म्हणतात. एक्सेलरोमीटरचे दचके आत जायच्या आधी पाचांचा मध्यक लावला. एकदोन आकड्यांचा दचका असेल तर तो तिथेच गळून पडायचा.

पहिल्या दिवशी फळी झटक्यात दहा अंश उचलली, तर आकडा सातवर जाऊन थांबला आणि मग दोन-चार सेकंद घेत रांगत रांगत दहावर आला. मी गुणाकार तपासले, सेन्सरची मापं तपासली, चिप बदलली. चार दिवस गेले. शेवटी कळलं की डिस्प्लेवर आकडा लिहायला चिपला वेळ लागत होता. माझा प्रोग्राम समजत होता की दर फेरी दहा मिलिसेकंदांची आहे, प्रत्यक्षात ती चौदाची होत होती. चौदा मिलिसेकंदांचं कलणं मी दहाचं म्हणून मिळवत होते, म्हणून दहाचे सात होत होते. फेरीचा वेळ गृहीत धरायचा सोडून तो घड्याळातून मोजायला लावला, तेव्हा ते सुटलं. चार दिवस एका गृहीतापायी.

मग चाचांच्या शेडमध्ये नवीन रड. सकाळी सपाट उभ्या गाडीवर शून्य आणि दुपारी त्याच गाडीवर दोन. पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही इतकं तापतं. गाडी हललेली नव्हती, चाचांनी चाकांना दगड लावले होते.

"चाचा, कोणी हौदा हलवला का?"

"कोण हलवील मॅडम? सगळे जेवायला गेलेत."

जायरो तापला की स्थिर असतानाही सेकंदाला एक अंश फिरतोय असं सांगत होता. एक्सेलरोमीटर त्याला ओढून परत आणत होता, पण अर्ध्या टक्क्याच्या जोराने. दोघांची ओढाताण दोन अंशांवर येऊन थांबत होती. एक्सेलरोमीटरचं वजन वाढवलं तर ओढ वाढायची आणि चूक कमी व्हायची, पण मग इंजिनची थरथर परत आकड्यात शिरायची. इकडे ओढलं की तिकडे उघडं पडायचं. मी वजनं बदलत राहिले, साडेनव्व्याण्णवचे अठ्ठ्याण्णव, परत नव्व्याण्णव, परत साडेनव्व्याण्णव. वहीची पानं भरली. एकदा मी वैतागून पक्कड फेकली. ती वेल्डिंगच्या सिलिंडरला लागली आणि चाचांनी फक्त "बाहेर जाऊन चहा घ्या" एवढं म्हटलं.

उपाय वजनात नव्हताच. चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी दोन सेकंद गाडी स्थिर असते. तेवढ्यात जायरोचं खोटं मोजून घ्यायचं आणि पुढे ते वजा करत राहायचं. गाडी बराच वेळ उभी असेल आणि एक्सेलरोमीटरची सरासरी जराही सरकत नसेल, तर जायरो दाखवतो ती हालचाल खोटी समजून ते माप हळूहळू सुधारत जायचं. दुपारचे दोन अंश पाव अंशावर आले. मी तीन दुपारी त्या पत्र्याखाली बसून खात्री केली.

सरांना अजूनही स्थिर आकडा हवा होता. तो त्यांचा हट्ट मी मोडू शकले नाही, मग मी दोन आकडे केले. डिस्प्लेवर जाणारा आकडा चालत्या सरासरीतून जायचा, माणसाच्या डोळ्यांना बरा वाटेल इतका संथ. भोंगा आणि पंप मात्र सरासरीच्या आधीचा आकडा ऐकायचे. त्यावर नव्या तक्रारी आल्या, की डिस्प्लेवर चार दिसतात आणि भोंगा वाजतो, पेटी खराब आहे. मी प्रत्येकाला फोनवर समजावलं. सर म्हणाले, दोन्ही एक करा. मी नाही म्हणाले. तेवढी एक गोष्ट मी धरून ठेवली. ती पेटी अजून तशीच जाते आणि तक्रारीही अजून येतात.

मॅनेजरला मी तीनदा फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, वर विचारतो. दुसऱ्यांदा म्हणाला, त्या ड्रायव्हरला परत यायला सांगा, गाडी देतो. तिसऱ्यांदा मी विचारलं की त्याच्या नावावर "ड्रायव्हरची चूक" लिहिलंय ते काढलं का. तो म्हणाला, "मॅडम, ती फाइल बंद झाली. आता ती कोण उघडणार?"

"मी लेखी देते."

"दिलंय ना तुम्ही. लावलाय तो कागद मागे."

मागे म्हणजे कुठे, हे मला कळलं नाही. विचारलं तर तो दुसऱ्या फोनवर गेला.

ड्रायव्हर परत डंपरवर गेला नाही. त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आळंदीच्या बाजूला तो पाण्याचा टँकर चालवायला लागला होता. नवी पेटी तयार झाली तेव्हा चाचांनी त्याला निरोप दिला आणि एका रविवारी तो शेडमध्ये आला. चाचांनी रिकाम्या डंपरच्या एका बाजूच्या चाकांखाली ठोकळे ठेवले होते आणि ते एका झटक्यात काढायची सोय केली होती. ड्रायव्हर केबिनमध्ये बसला. मी त्याला म्हटलं, डिस्प्ले बघू नका, नेहमीसारखं आरशात बघा.

चाचांनी ठोकळे काढले. गाडी धपकन एका बाजूला बसली आणि त्याच वेळी भोंगा वाजला. ड्रायव्हर लगेच उतरला नाही. त्याने डावा हात बाहेर काढून परत करा अशी खूण केली. असं चार वेळा झालं.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, "आता सीटच्या बरुबरीनं वाजतोय."

मी त्याला दोन रेघांच्या कागदाची एक प्रत दिली. प्लॅस्टिकमध्ये घालून आणली होती. त्यावर काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवलं, खाली माझी सही होती. कंपनीचा शिक्का मात्र सरांनी मारू दिला नव्हता.

"ह्याचं काय करू?"

"पुढे कुठे नोकरीला गेलात आणि कोणी त्या गाडीबद्दल विचारलं तर दाखवा."

"मानत्याल का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्याने कागद उजेडात धरला आणि वरच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही माझी का?"

"हो. ती खरी."

बराच वेळ तो ती रेघ बघत राहिला. मग त्याने कागद शर्टाच्या आत सरकवला, उजवा हात वर जाईना म्हणून गळ्याजवळचं बटण चाचांनी लावून दिलं, आणि टँकरची फेरी बाकी आहे म्हणत तो निघाला.